टाइलच्या मागे काय आहे?

जेवणघराच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आपल्याकडे बहुतेक घरांत असतंच. जुन्या घरांत त्याच्या खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेले दोन लोखंडी अँगल दिसायचे. अँगलची शेपटं भिंतीत चांगली वीतभर आत जायची, भोवती सिमेंट काँक्रीट ठासून भरलेलं असायचं आणि बेसिन वर नुसतं ठेवलेलं असायचं. दिसायला ओबडधोबड, पण सगळं डोळ्यांसमोर: अँगल गंजला तर दिसायचा, वाकला तर दिसायचा.

आता बेसिनखालची भिंत मोकळी हवी असते. आधार आतच लपलेला असतो, त्याला दुकानात ‘कन्सील्ड ब्रॅकेट’ म्हणतात. त्याच्या दोन जाती बाजारात मिळतात. पहिल्यात बेसिनच्या पाठीला दोन भोकं असतात. भिंतीतून बाहेर आलेले दोन बोल्ट त्या भोकांतून जातात आणि बेसिनच्या पोटाच्या बाजूनं नट आवळले जातात. यांना प्लंबर ‘रॅग बोल्ट’ म्हणतात. दुसऱ्यात भिंतीवर आधी दोन आखूड लोखंडी हात बसवायचे, बेसिनच्या पाठीमागच्या खाचांत ते अडकतील असं बेसिन वरून खाली उतरवायचं आणि खालून एक छोटा स्क्रू आवळून ते जागी पक्कं करायचं. दोन्ही प्रकारांत बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे बिघाड सुरू झाला तरी तोही दिसत नाही, आणि सगळी मदार येते ती टाइलच्या मागे चार-सहा सेंटिमीटरवर काय आहे यावर.

भिंतीला टांगायच्या बेसिनसाठी १४६८८ क्रमांकाचं एक युरोपीय मानक आहे. त्यात बेसिनवर सुमारे १५० किलो वजनाइतका भार देऊन ते तडकत नाही ना, हे पाहिलं जातं. म्हणजे चिनी मातीची परीक्षा कारखान्यात झालेली असते. आपल्या भिंतीची परीक्षा मात्र कुणीच घेतलेली नसते. ती कशी घ्यायची आणि भिंत नापास झाली तर काय करायचं, एवढाच या लेखाचा विषय.

वजन थोडं, ओढ जास्त

बेसिन पडण्याची भीती वाटली की आपण पहिल्यांदा त्याचं वजन विचारतो. ५५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर पुढे येणारं मातीचं बेसिन साधारण १४ किलोचं असतं. पाणी तुंबलं तर आणखी ५-६ किलो. वीस किलो वजन दोन बोल्टांना जड नाही. खरा त्रास वजनाचा नाही, ते भिंतीपासून किती पुढे आलंय याचा आहे.

पहारीनं दगड उचकटताना जे होतं, तेच इथं भिंतीत होतं. बेसिनच्या पुढच्या काठावर कुणी रेललं की बेसिन खालच्या मागच्या कडेवर टेकतं आणि वरचे बोल्ट बाहेर खेचू लागतं. हिशेब सोपा आहे. सकाळी दात घासताना माणूस दोन्ही हात टेकून वाकला आणि त्यानं ४० किलो भार पुढच्या काठावर टाकला असं धरू. काठ भिंतीपासून ४३ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ४० गुणिले ४३, असे १७२०. बेसिन आणि पाण्याचे २० किलो सरासरी २० सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी ४००. एकूण २१२०. याला तोंड द्यायला बोल्ट आणि बेसिनची खालची कड यांत अंतर आहे फक्त १२ सेंटिमीटर. २१२० भागिले १२ केले की उत्तर येतं १७५ किलोच्या आसपास. दोन बोल्टांत वाटले तर प्रत्येक बोल्ट सुमारे ९० किलोच्या ताकदीनं भिंतीतून बाहेर ओढला जातो आहे, आणि हे रोज होतं आहे. ८० किलोचा माणूस बल्ब बदलायला त्याच्या काठावर चढून बसला, तर हीच ओढ प्रत्येकी दीडशे किलोच्या पुढे जाते.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बोल्ट तुटत नाही. १० मिलिमीटरचा पोलादी बोल्ट याच्या कितीतरी पट सहन करतो. सुटतो तो बोल्टभोवतीचा भिंतीचा भाग.

भिंत ओळखायची कशी

भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची सवय सगळ्यांना असते. त्यातून थोडंफार कळतं, पण टाइलच्या भिंतीवर हा आवाज फसवतो. टाइलमागे गवंड्यानं माल कमी भरला असेल तर नऊ इंची विटांची भिंतही पोकळ वाजते. तो पोकळपणा टाइलचा, भिंतीचा नाही. आणि जाड गिलाव्यावर घट्ट बसलेली टाइल ठणठणीत वाजते, मग मागे काहीही असो.

जास्त खरं बोलते ती दाराची चौकट. बेसिनची भिंत जिथं दारापाशी संपते, तिथं तिची जाडी टेपनं मोजा. दोन्ही बाजूंचा गिलावा आणि एका बाजूची टाइल धरून जाडी १३ ते १५ सेंटिमीटर भरली, तर आत चार इंची वीट किंवा ब्लॉक आहे. १८ ते २० भरली तर सहा इंची. साडेसात ते दहाच्या दरम्यान असेल आणि ठोकल्यावर सगळीकडे डबडब वाजत असेल, तर ती बहुधा जिप्समची पार्टिशन आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ‘मायवान’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्याच असतात आणि त्यांच्यावर जाड गिलावा नसतो.

यानंतरची पायरी म्हणजे चाचणीचं भोक. बेसिन लागल्यावर त्याच्या पाठीमागे झाकली जाईल अशा जागी ५ किंवा ६ मिलिमीटरच्या बिटनं एकच भोक पाडायचं. त्याआधी पाइप आणि वायर कुठून गेलेत याचा अंदाज हवा. अँगल कॉकच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत, तसंच स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावायचं नाही. धातू शोधणारं छोटं यंत्र वायर आणि लोखंडी पाइप दाखवतं, पण हल्ली भिंतीत असतो तो सीपीव्हीसीचा प्लॅस्टिक पाइप. तो त्याला दिसत नाही. त्या यंत्रावर विसंबून पाइप फोडल्याची उदाहरणं कुठल्याही प्लंबरला विचारा.

भोकाच्या खाली भिंतीला घडी घातलेला कागद चिकटपट्टीनं लावायचा, म्हणजे भुकटी त्यात पडेल. टाइल पार होईपर्यंत ड्रिलची ठोक बंद ठेवायची, नाहीतर टाइल तडकते. मग हळूहळू आत जायचं आणि भुकटीचा रंग बदलला की थांबायचं. बिट बाहेर काढून भोकाची खोली मोजायची आणि लिहून ठेवायची.

पहिली भुकटी टाइलची, तांबूस किंवा पांढरी आणि पिठासारखी बारीक. मग करडी, बोटांत रेती लागते अशी: हा टाइलखालचा माल आणि गिलावा. त्यानंतर जे येतं ते महत्त्वाचं. लालभडक भुकटी आली तर भाजलेली वीट. करडी आणि बारीक, पण ड्रिल एकसारखं दमानं आत जातंय, तर फ्लाय अ‍ॅशची वीट. ठोक सुरू केल्याशिवाय बिट पुढे सरकतच नाही आणि फिकट करडी भुकटी येते, तर काँक्रीट. पांढरट, हलकी, भुरभुरीत भुकटी आली आणि बिट जोर न लावता सरसर आत गेलं, तर एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे अजूनही अनेक जण सिपोरेक्स म्हणतात. आणि थोडं आत गेल्यावर बिट एकदम मोकळं पडलं, तर मागे पोकळी आहे: जिप्समची पार्टिशन किंवा काँक्रीटचा पोकळ ब्लॉक.

विटांच्या भिंतीत आणखी एक काळजी लागते. लाल भुकटी येता येता रेती आली, तर बिट विटेत नाही, दोन विटांमधल्या दरजेत शिरलं आहे. दरजेतला मसाला विटेपेक्षा भुसभुशीत असू शकतो. बेसिनचा बोल्ट तिथं नको. बेसिन एखादा सेंटिमीटर वर-खाली केलं तरी बहुतेक वेळा दरज टळते.

एक भिंत, पुरत्या हिशेबासह

आता एक नेहमी भेटणारी परिस्थिती घेऊ. पुण्या-ठाण्याकडच्या गेल्या पंधरा वर्षांतल्या कितीतरी इमारतींत ती जशीच्या तशी सापडेल. जेवणघर आणि बेडरूम यांमधली भिंत. दाराच्या चौकटीपाशी जाडी १५ सेंटिमीटर. चाचणीच्या भोकात ८ मिलिमीटरवर टाइल संपली. तिथून ३८ मिलिमीटरपर्यंत करडी भुकटी, म्हणजे टाइलखालचा माल आणि गिलावा मिळून तब्बल ३ सेंटिमीटर. त्यापुढे पांढरी भुरभुरीत भुकटी. म्हणजे १० सेंटिमीटरचा एएसी ब्लॉक आणि पलीकडे १२ मिलिमीटरचा गिलावा.

बेसिनच्या खोक्यात जे बोल्ट येतात, त्यांच्यासोबतचा नायलॉनचा प्लग साधारण ६० मिलिमीटरचा असतो. तो टाइलच्या पृष्ठभागापासून ठोकला, तर त्यातले ३८ मिलिमीटर टाइल आणि गिलाव्यात आणि जेमतेम २२ मिलिमीटर ब्लॉकमध्ये. प्लग फुगून धरून ठेवतो तो त्याच्या आतल्या टोकाला, आणि ते टोक अडकलं आहे हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या मऊ ब्लॉकमध्ये. बसवल्या दिवशी बेसिन हलत नाही, कारण गिलावा आणि टाइल तात्पुरतं धरून ठेवतात. रोजच्या रेलण्यानं प्लगभोवतीचा ब्लॉक थोडा थोडा चुरगळतो, भोक लांबट होतं आणि वर्षा-दोन वर्षांत बेसिनची मान पुढे झुकते.

लाल विटेच्या भिंतीत याच अडचणीवर उपाय सोपा आहे. लांब बोल्ट घ्यायचा, एका टोकाला स्क्रूचे आणि दुसऱ्या टोकाला नटाचे आटे असलेला, १० मिलिमीटर जाड आणि १४० मिलिमीटर लांब. भोक खोल पाडायचं आणि प्लग टाइलच्या तोंडाशी न ठेवता आत, विटेपर्यंत ढकलायचा. सगळा प्लग विटेत बसला की वीट त्याला घट्ट धरते, शिवाय प्लग फुगताना टाइलला तडा जायची भीतीही उरत नाही. चार इंची विटेत पलीकडचा गिलावा फुटणार नाही एवढं भान ठेवलं की झालं.

एएसीच्या भिंतीत मात्र नुसतं खोल जाऊन भागत नाही. तिथं खात्रीचा मार्ग म्हणजे आरपार बोल्ट. आपल्या उदाहरणात पलीकडे बेडरूम आहे, म्हणजे भिंतीची पाठ हाताशी आहे. लागणारं सामान असं: आटे पाडलेली १० मिलिमीटरची सळई, तिचे प्रत्येकी सुमारे २२ सेंटिमीटरचे दोन तुकडे; आणि ६ मिलिमीटर जाड, साडेसात सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब लोखंडी पट्टी. पट्टीला बेसिनच्या दोन भोकांएवढ्या अंतरावर भोकं पाडून मागच्या बाजूनं नट वेल्ड करून घ्यायचे आणि तिला रेड ऑक्साइडचे दोन हात द्यायचे.

भोकांमधलं अंतर कागदावरच्या मापावरून घेऊ नये. माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन बेसिनांत काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो. आपल्या घरी आलेलं बेसिन उलटं ठेवून त्यावरूनच माप घ्यायचं आणि तेच भिंतीवर उतरवायचं. भिंतीवरची दोन्ही खुणा पाणसळीनं एका रेषेत तपासायच्या.

आधी टाइलच्या बाजूनं ६ मिलिमीटरच्या लांब बिटनं भिंतीला काटकोनात आरपार छिद्र. मग १२ मिलिमीटरचं बिट दोन्ही बाजूंनी अर्ध्यापर्यंत चालवायचं. एकाच बाजूनं मोठं बिट घुसवलं तर पलीकडे बाहेर पडताना ते गिलाव्याचा बशीएवढा पापुद्रा उडवतं. टाइल ओलांडल्यावरसुद्धा एएसीमध्ये ठोक सुरू करायची नाही. ठोकेनं भोक वेडंवाकडं आणि मोठं होतं.

बेडरूमच्या बाजूला पट्टीच्या मापाची, सुमारे २ सेंटिमीटर खोल खाच कापायची, म्हणजे पट्टी आणि नट दोन्ही भिंतीच्या आत राहतील. खाचेत सिमेंटचा पातळसर थर देऊन पट्टी त्यावर सपाट टेकवायची. हे महत्त्वाचं आहे, कारण पट्टी एका कोपऱ्यावर टेकली तर सगळा भार त्या कोपऱ्याखालच्या ब्लॉकवर येतो. सळया पट्टीच्या नटांत फिरवून बसवायच्या आणि सळईभोवतीची पोकळी इपॉक्सीनं किंवा पातळ सिमेंटनं भरायची, म्हणजे सळई वर-खाली डुलणार नाही. सिमेंटला आठवडाभर दम द्यायचा. पट्टीवर जाळी लावून गिलावा केला की बेडरूमच्या भिंतीवर फट पडत नाही. पलीकडे कपाट असेल तर एवढंही करायला नको: पट्टी भिंतीवर उघडीच ठेवता येते, कपाटामागे ती कुणाला दिसणार?

आता बेसिनला पुढे ओढणारा भार ब्लॉकमधल्या दोन बोटभर प्लगांवर येत नाही. तो पट्टीवर येतो आणि पट्टी तो ३०० चौरस सेंटिमीटरच्या भिंतीवर पसरवते.

पलीकडे जाता येत नसेल तर

भिंतीमागे शेजाऱ्याचं घर असलं, बाथरूमच्या टाइल असल्या किंवा ती इमारतीची बाहेरची भिंत असली, तर आरपार जाता येत नाही. मग आपल्याच बाजूनं भिंतीत घट्ट काहीतरी घालावं लागतं. बेसिनच्या बोल्टांच्या उंचीवर ६० सेंटिमीटर रुंद आणि २०-२५ सेंटिमीटर उंच जागा उघडून ब्लॉक काढायचा आणि तिथं काँक्रीट भरायचं: एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग बारीक खडी, आत ८ मिलिमीटरच्या दोन आडव्या सळया. कडा आतून थोड्या रुंद ठेवल्या तर काँक्रीटचा ठोकळा पुढे सरकू शकत नाही. सात दिवस पाणी मारायचं, मगच ड्रिल. टाइल फुटतील, धूळ होईल, आठवडा जाईल, पण त्यानंतर ती जागा काँक्रीटच्या भिंतीसारखीच वागते.

तिसरा पर्याय रासायनिक अँकर: भोकात विशिष्ट राळ भरून त्यात सळई रुतवायची. काम झटपट होतं आणि भिंत फोडावी लागत नाही. मात्र याचं यश भोकाच्या सफाईवर आहे. भोकात भुकटी उरली तर राळ भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटते. ब्रश फिरवायचा, फुंकणीनं उडवायची, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकणी. पोकळ ब्लॉकमध्ये जाळीची नळी आधी घालावी लागते, नाहीतर सगळी राळ पोकळीत वाहून जाते. आणि ट्यूबवर एएसीसाठी भार दिलेला नसेल, तर ती एएसीत वापरायची नाही.

जिप्समच्या पार्टिशनमध्ये बोर्डाला बोल्ट मारून बेसिन टांगणं म्हणजे आज ना उद्या बोर्डासकट ते खाली येणार. आतले पत्र्याचे खांब साधारण दोन फुटांवर असतात आणि पत्रा अगदी पातळ, म्हणून तेही पुरेसे नाहीत. बोर्ड उघडून दोन खांबांमध्ये १८ मिलिमीटर किंवा जास्त जाडीचा मरीन प्लाय आडवा बसवावा लागतो; त्याहून चांगलं म्हणजे जमिनीपासून वर छतापर्यंत लोखंडी चौकोनी पाइपची चौकट. अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे. तिथं खांब बहुधा १६ इंचांवर असतात आणि बेसिनच्या भोकांशी ते क्वचितच जुळतात, म्हणून दोन खांबांमध्ये जाड आडवं लाकूड ठोकून घेतात आणि बोल्ट त्यात फिरवतात.

काँक्रीटच्या भिंतीत पकडीची चिंता नाही, चिंता आहे ती सळईची. दोन-तीन सेंटिमीटरवर बिट अचानक अडलं आणि किंचाळायला लागलं, तर समोर लोखंड आहे. तिथं जोर लावायचा नाही, सळई कापायची नाही. भोक थोडं सरकवायचं. बेसिनची भोकं ठरलेल्या अंतरावर असल्यानं दोन्ही भोकं सारखीच सरकतात, म्हणून पाइपच्या जोडणीचा हिशेब पुन्हा पाहावा लागतो. अशा इमारतींत भिंतीला पाइपसाठी झिरी मारणं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करूच नये, कारण त्या भिंतींवर इमारत उभी असते.

टांगणं आणि तपासणं

भिंत तयार झाली की बेसिन टांगायचं काम अर्ध्या दिवसाचं. वरचा काठ तयार फरशीपासून ८० ते ८५ सेंटिमीटरवर ठेवतात. घरात लहान मुलं किंवा चाकाच्या खुर्चीवरचं माणूस असेल तर खाली. सांडपाण्याच्या पाइपचं तोंड भिंतीत आधीच ठरलेलं असतं, म्हणून बेसिनची उंची पक्की करण्याआधी बॉटल ट्रॅप त्या तोंडाशी जुळतो का, हे पाहून घ्यावं. नट आणि चिनी माती यांच्यामध्ये नायलॉनची किंवा रबराची वायसर हवीच. लोखंड मातीला थेट लागलं की आवळताना केसासारखी चीर पडते आणि ती महिनाभरानं दिसते. दोन्ही नट आलटून पालटून हातानं घट्ट करायचे आणि मग पान्यानं अर्धा फेरा. त्याहून जास्त नाही.

नळ जोडायच्या आधी परीक्षा घ्यायची. बेसिनच्या वरच्या मागच्या कडेत आणि टाइलच्या फटीत एक व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहा. मग दोन्ही तळहात पुढच्या काठावर ठेवून हळूहळू भार टाका आणि दुसऱ्याला तीच फट पाहायला सांगा. कार्ड आता सैल झालं, तर भिंतीत काहीतरी सरकतं आहे. तिथंच थांबा आणि बेसिन उतरवा. फट जशीच्या तशी राहिली, तर बेसिनच्या दोन्ही बाजूंना टाइलवर पेन्सिलनं बारीक रेघ ओढून ठेवा. महिन्याभरानं रेघ आणि कड जुळत असतील तर काम पक्कं.

सिलिकॉन सगळ्यात शेवटी, आणि वरच्या व बाजूच्या फटींतच. खालची कड मोकळी ठेवायची, म्हणजे आतून कुठं पाणी झिरपलं तर ते बाहेर येऊन दिसेल. सिलिकॉन बेसिनला धरून ठेवतं हा गैरसमज आहे. त्याचं काम पाणी अडवणं एवढंच. पूर्वी यासाठी व्हाइट सिमेंट भरत असत, पण ते कडक असल्यानं बेसिन जराही हललं की तडकतं. तसं पाहिलं तर तो तडा उपयोगीच होता, कारण तो हलणारं बेसिन दाखवून द्यायचा. सिलिकॉनमध्ये ते ओळखायला बारकाईनं पाहावं लागतं: वरच्या कडेला सिलिकॉन टाइलपासून सुटून बारीक काळी रेघ दिसू लागते, बेसिनमधलं उरलेलं पाणी जाळीकडे न जाता पुढच्या कडेला साचतं, किंवा बोल्टच्या जागेपासून टाइलवर चीर निघते. यातलं एकही दिसलं तर सिलिकॉनचा दुसरा थर देऊन ते झाकायचं नाही. बेसिन उतरवून आत पाहायचं.

हे सगळं तयार घरातलं झालं. घराचं काम सुरू असेल आणि टाइल अजून लागायच्या असतील, तर वरचे सगळे खर्च आणि धूळ टळते. गवंड्याला बेसिनच्या जागी ब्लॉकऐवजी काँक्रीटचा ठोकळा भरायला सांगा किंवा आरपार पट्टी तेव्हाच बसवून घ्या. भिंत उघडीच असल्यानं यात फक्त पाटीभर काँक्रीट आणि त्याच्या सुकण्याचे काही दिवस जातात. गिलावा करण्याआधी भिंतीसमोर टेप धरून फोटो काढा. एकात ठोकळा जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे हे दिसलं पाहिजे आणि दुसऱ्यात पाण्याचे पाइप. त्या दोन फोटोंची छापील प्रत नळाच्या आणि फिटिंगच्या पावत्यांसोबत ठेवा. पंधरा वर्षांनी बेसिन बदलायला येणाऱ्या प्लंबरला मग चाचणीचं भोकही पाडावं लागणार नाही.